आमची वाटचाल : काळा ओटा, पांढरा ओटा

२००९ मध्ये मी आणि माझा भागीदार, आम्ही दोघांनी लकडगंजच्या बाजूला एक गाळा घेतला, तो प्लाय-लॅमिनेट बघायचा नि मी कॉम्प्युटरवर बसायचो. गिऱ्हाइकाच्या किचनचा फोटो काढायचा, त्यातली जुनी कपाटं आणि ओटा काढून नवे बसवायचे आणि "असं दिसेल बघा" म्हणून प्रिंट हातात द्यायची. नागपुरात तेव्हा हे करणारे फार नव्हते भाऊ, लोक प्रिंट बघूनच ॲडव्हान्स द्यायचे. पहिली पाच-सहा वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचं ते २०१५ चं. मनीषनगरमधला फ्लॅट, किचनची खिडकी डक्टकडे उघडणारी, काळा ग्रॅनाइटचा ओटा, त्याच्या जागी पांढरा क्वार्ट्झ पाहिजे होता. मी फोटोत क्वार्ट्झ टाकला, इकडून तिकडून सारखा पांढराशुभ्र, हॉटेलसारखा. काम झालं, गृहस्थ ओट्यासमोर प्रिंट धरून उभे राहिले आणि म्हणाले, हा तर राखाडी दगड लावला तुम्ही. दगड तोच होता, त्याच स्लॅबचा! पण गॅसच्या कोपऱ्यात उजेडच पोचत नव्हता, तर पांढरा दगड पांढरा दिसणार कसा? त्यांनी उरलेले पंच्याऐंशी हजार अडवले, सोसायटीत चार जणांना सांगितलं, तीन ऑर्डरी कॅन्सल झाल्या. आणि त्याच दोन महिन्यांत भागीदार वेगळा झाला, आमचाच कॅटलॉग घेऊन आमच्याच गल्लीत चार दुकानं सोडून त्याने बोर्ड लावला. पगार द्यायला बायकोच्या बांगड्या गहाण पडल्या, ते मी विसरणार नाही.

चूक कुठे होती ते कळायला मला वर्ष लागलं, आणि ती कळली धंतोलीच्या काकूंमुळे. काकू म्हणजे आमचं पहिलं गिऱ्हाईक, रिटायर्ड शिक्षिका, सगळे गेले तरी त्या गेल्या नाहीत. त्यांनाही काळा ओटा काढून पांढरा करायचा होता. मे महिना, मी दारात ट्रायपॉड लावून एक फोटो काढला आणि पाणी प्यायला बसलो, तेवढ्यात काकूंनी पापड वाळवायला ओट्यावर जुनं पांढरं धोतर अंथरलं. मी गमतीत तसाच अजून एक फोटो काढला, ट्रायपॉड हलवला नव्हता.

घरी येऊन दोन्ही फोटो एकावर एक ठेवले आणि डोकंच धरलं. धोतरावर सगळा उजेड लिहून ठेवल्यासारखा होता. फोटोशॉपमध्ये ० म्हणजे काळं आणि २५५ म्हणजे पांढरं, त्या मापाने खिडकीशी २३० च्या आसपास, वरच्या कपाटाखाली उतरत उतरत गॅसच्या कोपऱ्यात ९५. मनीषनगरच्या फोटोत मी सगळीकडे २४० ठेवलं होतं! बरं, काळ्या ग्रॅनाइटवरून हे कळतच नाही, कारण पॉलिश केलेला काळा दगड उजेड पसरवत नाही, तो जवळजवळ आरसाच आहे, त्यावर जे उजळ दिसतं ते खिडकीचं प्रतिबिंब. त्याच्यावर पांढऱ्या दगडाचा फोटो मल्टिप्लाय केला, म्हणजे खालच्या फोटोचा अंधार वरच्यात उतरवला, तर चिखल होतो, म्हणून मी आधी सावली सोडून नुसता पांढरा भरायचो.

आता आमची पद्धत अशी आहे. ट्रायपॉड एकदा लावला की हलवायचा नाही, एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक. पहिला फोटो आहे तसा. मग ओट्यावर चकाकी नसलेले पांढरे ड्रॉइंग पेपर पसरायचे (धोतराला सुरकुत्या येतात) आणि दुसरा फोटो. नवा दगड पेपरच्या फोटोवर मल्टिप्लाय करायचा, म्हणजे सावली खरी मिळते. मग काळ्या ओट्याच्या फोटोतून फक्त ओट्याचा भाग उचलून वरून स्क्रीन मोडमध्ये ठेवायचा, त्यात काळं गळून उजळ तेवढंच उरतं, म्हणजे खिडकीची चकाकी खरी मिळते, कारण पॉलिश क्वार्ट्झही वरच्यावर जवळपास तेवढंच प्रतिबिंब देतो. ज्या काळ्या दगडाने मला बुडवलं तोच चकाकी फुकटात देतो, बोला! अजून एक, पांढऱ्या ओट्यावरून उजेड उसळून डॅडोच्या टाइल्स आणि वरच्या कपाटाचा तळही थोडा उजळतो, तोही पेपरच्या फोटोत आपोआप आलेला असतो, म्हणून टाइल्सही त्याच फोटोतल्या घ्यायच्या. ट्यूबलाइट मात्र दोन्ही वेळा बंद किंवा दोन्ही वेळा चालू, एकदा असं एकदा तसं केलं की संपलं.

कपाटांचं वेगळं. तिथे उजेडापेक्षा माप फसवतं. आमच्याकडे डॅडोला १२ बाय १८ च्या टाइल्स आडव्या असतात, त्यांच्या आडव्या रेघा पुढे वाढवल्या की त्या एका बिंदूत भेटतात, L आकाराच्या ओट्यात दोन भिंतींचे दोन बिंदू. गिऱ्हाइकाने मोबाइलवर काढून पाठवलेला फोटो असेल आणि मोबाइल सरळ धरला असेल तर ते दोन्ही बिंदू एकाच आडव्या रेषेवर, कॅमेऱ्याच्या उंचीवर येतात. नाही आले तर गिऱ्हाइकाने मोबाइल वाकडा धरला किंवा ०.५ च्या वाइड लेन्सने काढलाय, फोटो परत मागवा, दुरुस्त करत बसू नका. आता नवीन पोरं काय करतात, खालच्या कपाटाचं दार, म्हणजे शटर, १८ इंचाचं असलं की ते एका टाइलएवढं असं धरून टाकतात. अरे पण टाइल भिंतीवर आहे आणि शटर भिंतीपासून दोन फूट पुढे, आपल्या जवळ, ते मोठं दिसणारच. म्हणून फोटोशॉपच्या व्हॅनिशिंग पॉइंटमध्ये आधी टाइल्सवर जाळी बसवायची, कंट्रोल दाबून तिची खालची कड ओढली की काटकोनात ओट्याची जाळी निघते, ती २४ इंच पुढे आणायची, तिथून परत खाली ओढली की शटरची जाळी. मग १८ इंच खरे १८ इंच.

हे मी का सांगतो, तर गेल्या वर्षी एक गिऱ्हाईक त्या चार दुकानं सोडून असलेल्या दुकानाची प्रिंट घेऊन आलं, "हे बघा किती छान, आणि तुमच्यापेक्षा स्वस्त". मी म्हटलं, ताई, या वरच्या कपाटाचा तळही दिसतोय आणि माथाही दिसतोय, कपाट डोळ्याच्या वर असेल तर तळ दिसतो, खाली असेल तर माथा, एकाच वेळी दोन्ही कुठून बघितलं यांनी? त्या हसल्या, पण ऑर्डर तिकडेच दिली. चालायचंच.

न विचारता एक सांगतो, कोणाकडूनही काम करा, पण प्रिंट घेतल्यावर गॅसच्या कोपऱ्याकडे बघा. तिथलं पांढरं खिडकीजवळच्या इतकंच पांढरं असेल तर तो फोटो दगडाचा नाही, सेल्समनचा आहे. आणि पांढऱ्या क्वार्ट्झवर गरम कढई थेट ठेवू नका, त्यात रेझिन असतं, डाग उठतो, हळदही लगेच पुसा, नाहीतर मग आम्हाला फोन येतात.

काकूंचा ओटा झाला तेव्हा त्यांनी प्रिंट कोपऱ्यात धरून बघितली आणि म्हणाल्या, "हो रे, इथे असाच अंधार आहे." मनीषनगरचे पंच्याऐंशी हजार मात्र अजून यायचे आहेत.