गेट-इन झाल्यावर पोर्ट बदलायचं असेल तर: माझा अनुभव

चाकणहून न्हावा शेव्यापर्यंत सगळं सुरळीत गेलं. फॅक्टरी स्टफिंग, सील, भरलेल्या कंटेनरच्या वजनाचं व्हीजीएम, गेटवर लागणारा फॉर्म १३, सगळं वेळेत. सहा चाळीसफुटी कंटेनर कट-ऑफच्या आधीच यार्डात लागले होते. मग ग्राहकाचा मेल आला: माल हॅम्बुर्गऐवजी रॉटरडॅमला उतरवा. जहाज तेच, सर्व्हिस तीच, दोन्ही बंदरं त्याच फेरीतली. पुण्यात बसून वाटतं, एका रकान्यातलं नाव तर बदलायचंय!

शिपिंग लाइनच्या ऑफिसने अर्ज टर्मिनलकडे पाठवला. तिथून उत्तर: 'प्लॅनिंग क्लोज्ड'. पुन्हा पाठवला, पुन्हा तेच दोन शब्द. कारण कुणी सांगेना. शेवटी फोनवर एका यार्ड प्लॅनरने दहा मिनिटं काढून समजावलं. ती दहा मिनिटं पहिल्याच दिवशी मिळाली असती तर आमचे इतके मेल वाचले असते. तेच दोन शब्द पाठवणाऱ्या टेबलावरचा राग अजून गेलेला नाही, पण प्लॅनरचं म्हणणं बरोबर होतं.

एक्स्पोर्टचा कंटेनर यार्डात जागा दिसेल तिथे ठेवत नाहीत. जहाज, उतरण्याचं बंदर, लांबी आणि वजनाचा गट यांवरून त्याची थप्पी ठरते. आमच्या फेरीत रॉटरडॅम आधी, हॅम्बुर्ग नंतर. त्यामुळे जहाजाच्या एकाच बेमध्ये, म्हणजे आडव्या कप्प्यात, दोन्हींचा माल असेल तर हॅम्बुर्गचा खाली जातो, म्हणजे आधी चढतो. वजनाचंही तसंच. जहाजात जड कंटेनर खाली हवा, म्हणून तो आधी लागतो, म्हणून यार्डाच्या थप्पीत तो वर असलेला बरा. यार्डाची थप्पी म्हणजे जहाजावरच्या थप्पीची उलटी नक्कल. आमचे सहा डबे हॅम्बुर्गच्या थप्प्यांत, काही वर तर काही मधे. कागदावर रॉटरडॅम लिहिलं की ते त्या थप्पीतले अडथळे होतात. खालचा डबा काढण्यासाठी आधी त्यांना उचलून दुसरीकडे ठेवावं लागतं. याला तिथे शफलिंग म्हणतात. क्रेन राबते, पण जहाजावर काहीच चढत नाही.

सहा डब्यांनी काय बिघडणार, हा माझा प्रश्न होता. प्लॅनरने आकडे मांडले. ते हिशेबाच्या सोयीसाठी धरलेले आहेत, पण प्रमाण असंच असतं.

जहाजावर चढ-उतार मिळून १,२०० मूव्ह, म्हणजे डब्यांच्या उचली. धक्क्यावर ४ क्रेन, प्रत्येकीचा वेग तासाला २५. सरळ भागाकार केला तर १२ तास. एजंट हाच आकडा सांगतो आणि तो जवळजवळ कधीच खरा ठरत नाही. काम जहाजाच्या लांबीवर सारखं पसरलेलं नसतं आणि दोन धक्का-क्रेन शेजारच्या बेवर उभ्या राहू शकत नाहीत, कारण त्यांचे पायच तेवढे रुंद असतात. समजा पुढच्या काही बेमध्ये मिळून ४२० मूव्ह साठलेत आणि बाकीच्या तीन क्रेनकडे प्रत्येकी २६० आहेत. त्या तिघी साडेदहा तासांत मोकळ्या होतात, चौथीला जवळपास १७ तास लागतात. या चौथीला 'लाँग क्रेन' म्हणतात आणि जहाज तिचं काम संपल्यावरच सुटतं. पाचवी क्रेन आणूनही उपयोग नाही, तिला उभं राहायला जागाच नसते. सरासरी वेगाची जाहिरात करणारे ही गोष्ट सांगत नाहीत.

आता यार्ड. लाँग क्रेनच्या ४२० पैकी २०० उतरवायचे, २२० चढवायचे. उतरवण्याला ८ तास. चढवण्याचे २२० जर यार्डाच्या दोन ब्लॉकमध्ये विभागून ठेवले असतील आणि प्रत्येक ब्लॉकवर एक आरटीजी, म्हणजे यार्डातली रबरी चाकांची क्रेन, असेल, तर आरटीजीचा वेग तासाला १८ धरला तरी दोघी मिळून ३६ देतात. धक्क्यावरची क्रेन २५ च्या वेगाने सुखाने चालते, पावणेनऊ तासांत उरकते. तेच २२० एका ब्लॉकमध्ये, एका आरटीजीखाली असतील, तर १८ च्या वेगाने १२ तासांहून जास्त. त्यात ६० शफल घुसले की आरटीजीला २८० उचल कराव्या लागतात, म्हणजे साडेपंधरा तास. एकूण १७ तासांचं काम साडेतेवीसवर जातं आणि धक्क्यावरच्या क्रेनचा यात काही दोष नसतो.

हे ६० शफल कुठून येतात? कुणाचे सहा, कुणाचे चार, कुणाचं वजन शेवटच्या क्षणी बदललेलं. प्रत्येकाला आपला अर्ज छोटाच वाटतो. 'प्लॅनिंग क्लोज्ड'चा अर्थ हा.

अडचण यार्डात आहे की धक्क्यावर, हे ओळखायची सोपी खूण आहे. ट्रॅक्टर-ट्रेलर क्रेनखाली रांग लावून उभे असतील तर क्रेन मंद आहे: हॅच कव्हर, लॅशिंग किंवा बिघाड. क्रेनचा स्प्रेडर रिकामा लटकतोय आणि ट्रेलरची रांग आरटीजीखाली आहे, तर यार्ड अडलंय. या दुसऱ्या स्थितीत जास्त ट्रॅक्टर लावले तर रांगच लांबते. एजंटला 'किती मूव्ह झाले' विचारू नका, 'लाँग क्रेनचे किती उरले' विचारा. आणि तो तासाचा वेग सांगेल तेव्हा ग्रॉस की नेट, हेही विचारा. नेटमधून हॅच कव्हर आणि बिघाडाचा थांबा वगळलेला असतो, त्यामुळे तो आकडा नेहमी देखणा दिसतो.

वजनाचं राहिलं. १ जुलै २०१६ पासून व्हीजीएमशिवाय कंटेनर जहाजावर चढवता येत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पण अंदाजे आकडा टाकून नंतर दुरुस्त करू, ही सवय सोडा. थप्पी पहिल्या आकड्यावर लागते आणि दुरुस्तीने वजनाचा गट बदलला तर तुमचा डबा चुकीच्या थरात बसलेला असतो.

पोर्ट बदलाची शंका जरी असली तरी फॉर्म १३ काढण्याआधी गाडी थांबवा. तळेगावजवळ एक रात्र उभ्या राहिलेल्या ट्रेलरचं डिटेन्शन यार्डातल्या शिफ्टिंग चार्जेसपुढे परवडतं. गाडी आत गेलीच असेल तर लाइनला पहिला प्रश्न हा विचारा की माल मधल्या बंदरात ट्रान्सशिप होतोय का. होत असेल तर बदल तिथे करून घ्या. तिथे डबा तसाही उतरणार आणि नव्या जहाजासाठी नव्याने रचला जाणार. आमची सर्व्हिस थेट होती, म्हणून हा रस्ता बंद होता.

देश बदलत असेल, आमचा जर्मनीचा नेदरलँड्स झाला, तर शिपिंग बिलातली दुरुस्ती कस्टम्सकडे वेगळी करावी लागते. ती टर्मिनलच्या होकाराची वाट न बघता सुरू करा.

आमचं शेवटी असं झालं: थप्पीत सगळ्यात वर असलेले डबे टर्मिनलने हलवून दिले, कारण ते उचलायला एकच मूव्ह लागत होता. मधे अडकलेले शट आउट करून, म्हणजे या जहाजातून वगळून, पुढच्या आठवड्याच्या जहाजावर टाकले. म्हणून अर्जात नुसता कंटेनर नंबर देऊ नका. लाइनकडून प्रत्येक डब्याची यार्डातली जागा मागवा. तिच्यात ब्लॉक, बे, रो आणि शेवटी टिअर, म्हणजे थर, असतो. वरच्या टिअरचे डबे वेगळ्या अर्जात टाका. एका अर्जात सगळे कोंबले तर मधल्यांपायी वरचेही नाकारले जातात.