जरा मोठ्याने वाचा बघू

स्वतः लिहिलेला मजकूर आपण मनातल्या मनात वाचतो तेव्हा खरं तर वाचत नसतोच. काय लिहायचं होतं ते आधीच ठाऊक असतं. डोळा ओळींवरून घसरत जातो आणि राहून गेलेला शब्दही तिथे असल्यासारखा भासतो. तोच कागद तोंडाने वाचायला घेतला की घाई चालत नाही. जिभेला प्रत्येक शब्दावरून जावंच लागतं, श्वास कुठेतरी घ्यावाच लागतो, आणि आपण जे लिहिलंय ते स्वतःच्या कानांनी ऐकून घ्यावं लागतं. ही शेवटची गोष्ट बऱ्याच जणांना नको असते.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी कुठलीही नोटीस लावण्याआधी माझ्याकडे पाठवतात. 'तुमचं मराठी चांगलं आहे, एकदा नजर टाका' असं म्हणतात. मी नजर टाकत नाही. मी त्यांनाच वर बोलावतो, चहा ठेवतो आणि म्हणतो, "तुम्हीच वाचा, जरा मोठ्याने." मध्यंतरी त्यांनी आणलेली नोटीस अशी होती:

'सोसायटीच्या सर्व सन्माननीय सभासदांना कळविण्यात येते की, कार्यकारिणीच्या सभेत ठरल्यानुसार इमारतीच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्यांच्या साफसफाईचे काम येत्या रविवारी हाती घेण्यात येणार असून सदर कालावधीत पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येणार असल्याने सर्वांनी आवश्यक तो पाणीसाठा करून ठेवून सहकार्य करावे, ही विनंती.'

डोळ्याला यात काहीच वावगं दिसत नाही. अशा नोटिसा वाचतच आपण मोठे झालो. सेक्रेटरींनी वाचायला सुरुवात केली. 'इमारतीच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्यांच्या' इथे त्यांची जीभ अडखळली. मागे जाऊन त्यांनी पुन्हा सूर धरला. 'असल्याने'पाशी पोचेपर्यंत दम संपला, म्हणून नको तिथे श्वास घेतला. 'करून ठेवून' म्हणताना ते स्वतःच हसले. आणि संपल्यावर आमची ही आतून म्हणाली, "अहो, पण पाणी बंद किती वाजल्यापासून?"

वेळ लिहिलेलीच नव्हती. एवढ्या लांब वाक्यात ती नाही, हे कागदाकडे बघून आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नसतं. ऐकणाऱ्याच्या हातात कागद नसतो. त्याला हवी ती एक गोष्ट मिळाली नाही की तो लगेच विचारतो.

आता अडखळण्याचं कारण बघू. मराठीत विशेषणं, षष्ठीचे 'च्या', धातुसाधितं अशी सगळी वऱ्हाडी मंडळी नामाच्या आधी येतात, आणि क्रियापद येतं अगदी शेवटी. 'काल पुण्याहून आलेल्या माझ्या मामेभावाच्या मुंबईत नोकरी करणाऱ्या मुलाने आणलेले पेढे' हे ऐकताना पेढे हाती येईपर्यंत आधीचं सगळं मनात धरून ठेवावं लागतं, आणि त्या पेढ्यांचं पुढे काय झालं हे तर अजून कळायचंच आहे. डोळा मागे जाऊन परत वाचू शकतो, कानाला ती सोय नाही. म्हणून जे वाक्य कानाला पेलत नाही ते वाचकालाही जडच जातं. फक्त तो तक्रार करत नाही, निम्म्यावर सोडून देतो.

पण याचा अर्थ वाक्य लांब असूच नये असा नाही. 'मामेभावाचा मुलगा मुंबईत नोकरीला आहे, काल तो पुण्याहून आला, येताना पेढे घेऊन आला, आणि आल्या आल्या आजीच्या पाया पडून डबा तिच्याच हातात दिला' हे पहिल्यापेक्षा कितीतरी लांब आहे, तरी एका दमात वाचता येतं. यात प्रत्येक टप्प्यावर एक क्रियापद आहे. ऐकणारा तिथे हातातलं ओझं खाली ठेवतो आणि पुढच्याला तयार होतो. त्यामुळे शब्द मोजण्यात अर्थ नाही. श्वास कुठे घेतला आणि तिथे तो घेण्यासारखी जागा होती का, एवढं बघायचं.

सेक्रेटरींची नोटीस शेवटी अशी झाली: 'येत्या रविवारी गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या धुणार आहोत. सकाळी ९ ते दुपारी ३ पाणी बंद राहील. लागेल तेवढं पाणी शनिवारी रात्रीच भरून ठेवा. तीननंतर नळाला येणारं पहिलं पाणी गढूळ असू शकतं, ते पिण्यासाठी घेऊ नका.' शेवटचं वाक्य मूळ मसुद्यात नव्हतंच. वाचता वाचता ते त्यांच्या तोंडून गेलं, तेही कागदाकडे न बघता. मी तेवढं लिहून घेतलं. 'सन्माननीय' गेल्याचं मात्र त्यांना वाईट वाटलं. मग वर 'सर्व सभासदांना नमस्कार' घातला. त्याने कुणाचं काही बिघडत नाही.

वाचायची पण एक रीत आहे. स्क्रीनवर वाचू नये, शक्य असेल तर कागदावर उतरवून घ्यावं आणि हातात पेन्सिल ठेवावी. अडखळलं की समासात नुसती बारीक रेघ मारायची आणि पुढे जायचं. तिथेच थांबून दुरुस्ती करत बसलात तर लय तुटते, आणि पुढच्या वाक्याला मागचं वाक्य नीट जोडलं जातंय का ते कळत नाही. पुटपुटणं चालत नाही. ओठ हलतात, पण शब्द अर्धे गिळले जातात आणि गिळलेलाच शब्द नेमका अडणारा असतो. ऑफिसात मोठ्याने वाचायची लाज वाटत असेल तर मोबाइल कानाला लावावा आणि ज्याला मेल पाठवायचा त्यालाच फोनवर सांगतोय असं समजून वाचावा. आजूबाजूचे लक्षही देत नाहीत. 'आपल्या दि. १२ च्या पत्राच्या अनुषंगाने सादर करण्यात येते की' हे फोनवर बोलून बघा. दुसऱ्याच शब्दाला आपण ओशाळतो. ओशाळलो की तिथे रेघ.

या बाबतीत फ्रान्समधला कादंबरीकार फ्लोबेर आपल्या सगळ्यांचा गुरू. रूआँ शहराजवळ क्रोआसे इथे सीन नदीकाठी त्याचं घर होतं. लिहिलेली वाक्यं तो तिथे अक्षरशः ओरडून म्हणून बघायचा. घर मोठं होतं, बाग होती, म्हणून निभावलं. आमच्या दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये खालच्या मजल्यावरचे वर आले असते.

मोठ्याने वाचताना सगळ्यात कामाची खूण अडखळण्याची नाहीच. कागदावर एक असतं आणि तोंडातून भलतंच निघतं, ती खरी खूण. लिहिलेलं असतं 'वृक्षारोपण करण्यात आले', तोंड म्हणतं 'झाडं लावली'. लिहिलेलं असतं 'चर्चेच्या माध्यमातून', तोंड म्हणतं 'चर्चेतून'. आपल्याला वाटतं, वाचायला चुकलो, आणि मागे जाऊन आपण लिहिलंय तसं वाचतो. तसं करू नये. दहातल्या नऊ वेळा तोंडाचंच बरोबर असतं. अडचण एवढीच, की असं झाल्याचं पुष्कळदा लक्षात येत नाही. त्यासाठी मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवावं आणि नंतर कागद समोर धरून ऐकावं. जिथे आवाज आणि कागद वेगळे झाले तिथे पेन्सिल चालवावी.

दुसरी एक गोष्ट फक्त कानालाच कळते, ती म्हणजे 'आहे'ची आवृत्ती. 'गावात आमचा जुना वाडा आहे. वाड्याला मोठा दिंडी दरवाजा आहे. आत विहीर आहे. विहिरीला बारा महिने पाणी आहे.' व्याकरणात कुठेही बोट ठेवता येणार नाही, पण मोठ्याने वाचलं की दर वाक्याला हातोडी एकाच जागी पडते. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्यामुळे हा धोका आपल्याला जास्त. उपायही मराठीतच आहे, कारण 'आहे' गाळायची मुभा आपली भाषा देते: 'गावात आमचा जुना वाडा. दिंडी दरवाजा मोठा, आत विहीर, आणि त्या विहिरीला पाणी म्हणाल तर बारा महिने.' 'केले, गेले, झाले, आले' अशी रांग लागते तेव्हाही हेच करायचं. एखादं क्रियापद गाळायचं, एखादं पुढे ओढायचं. बोलताना 'आला बाई एकदाचा पाऊस' म्हणतोच की आपण.

पण आपला आवाज लबाड असतो. ज्याने वाक्य लिहिलं त्याला कुठे जोर द्यायचा ते माहीत असतं, त्यामुळे तो मोडकं वाक्यही आवाजाच्या चढउताराने उभं करतो. नाटकात कामं केलेल्या लोकांनी तर स्वतःचा मसुदा स्वतः वाचून त्यावर विश्वास ठेवूच नये. स्वतः वाचायचं तर सपाट वाचावं, कॅलेंडरच्या मागची माहिती वाचतो तसं. त्याहून चांगलं म्हणजे ज्याने मजकूर आधी पाहिलेला नाही अशाच्या हातात कागद द्यावा आणि आपण गप्प बसावं. तो जिथे थांबतो, जिथे चुकीच्या शब्दावर जोर देतो, तिथे दोष कागदाचा. 'नाही हो, ते असं वाचायचं' असं सांगायचा मोह आवरावा. मजकूर ज्याला पाठवणार, त्याच्या घरी हे सांगायला आपण जाणार नसतो.

आणि कानाला जे कळतच नाही त्याची आशा कानाकडून धरू नये. ऱ्हस्व-दीर्घ हे त्यातलं पहिलं. 'दिन' आणि 'दीन' आपण एकसारखेच उच्चारतो, म्हणून 'जागतिक महिला दीन' असा फलक कितीही वेळा मोठ्याने वाचला तरी कान तक्रार करणार नाही. मोडीत लिहिणाऱ्यांना ही कटकट नव्हती. तिथे इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळत नसत, शब्दांमध्ये जागाही सोडत नसत. पण ती सवलत आपल्याला नाही. शुद्धलेखनासाठी वेगळी फेरी करावी, तीही मुकाट्याने, एकेका शब्दावर बोट ठेवून. आकडे, तारखा, खात्याचे नंबर यांचंही तसंच. तोंड ते बिनचूक वाचून दाखवतं, मग ते मुळात चुकलेले का असेनात.

भाडेकरार किंवा संस्थेची उपविधी असल्या मजकुराला तर ही कसोटी बेतानेच लावावी. तिथे 'परंतु असे की' नंतर येणारं अवघड वाक्य कानाला गोड लागत नाही म्हणून तोडलं, तर अट एका वाक्यात आणि अपवाद दुसऱ्यात जातो. मग पुढेमागे कुणीतरी पहिलंच वाक्य दाखवून भांडायला उभा राहतो. आमचे सेक्रेटरी आता उपविधीतली कलमंही घेऊन वर येऊ लागलेत. चहा ठेवतो, पण कलमं वकिलांकडे पाठवतो.