अंदाज बरोबर, कॉल तोट्यात

तिमाही निकालाच्या आदल्या दिवशी मी आयुष्यातला पहिला कॉल घेतला. शेअर १००० वर होता, मी १०५० चा कॉल, म्हणजे मुदतीला तो शेअर १०५० ला घेण्याचा हक्क, १२ ला उचलला. एक्स्पायरीला, म्हणजे ती मुदत संपायला, ट्रेडिंगचे दहा दिवस बाकी होते. निकाल बाजार बंद झाल्यावर आला, चांगला आला, आणि दुसऱ्या दिवशी शेअर २ टक्के वर, १०२० वर उघडला. मी आनंदात स्क्रीन उघडली तर माझा कॉल ७ वर. आधी वाटलं चुकून पुटच, म्हणजे विकण्याचा हक्क, घेतला की काय. ऑर्डर तीनदा तपासली. कॉलच होता.

शेअर वर आणि कॉल खाली, हे कसं? एक दिवस कमी झाला म्हणून, असं कोणीतरी म्हणालं. पण दहातला एक दिवस गेला म्हणून १२ चे ७ होत नाहीत, तेही शेअर वर गेलेला असताना. ऑप्शन चेनमध्ये, म्हणजे कॉल-पुटच्या भावांच्या तक्त्यात, मात्र एक आकडा होता ज्याच्याकडे मी कधी बघितलंच नव्हतं. आदल्या दिवशी त्या रकान्यात ३८ होतं, आता २४ होतं. आयव्ही, म्हणजे इम्प्लाइड व्होलॅटिलिटी.

पुढचे काही आठवडे मी हाच आकडा समजून घेण्यात घालवले. १९७३ मध्ये ब्लॅक आणि शोल्स यांनी मांडलेल्या सूत्रात ऑप्शनची, म्हणजे कॉल किंवा पुटची, किंमत अर्थात प्रीमियम काढायला शेअरचा भाव, स्ट्राइक म्हणजे १०५० सारखा ठरलेला भाव, उरलेला काळ, व्याजदर आणि शेअर किती हलेल याचा अंदाज लागतो. पहिल्या चार गोष्टी समोर दिसतात. पाचवी कोणालाच दिसत नाही. म्हणून बाजारात उलटं गणित चालतं: प्रीमियम समोर आहे, तर तो बरोबर ठरण्यासाठी शेअर किती हलायला हवा ते सूत्रातून मागे काढायचं. निघालेला आकडा म्हणजे आयव्ही. थोडक्यात, आयव्ही वाढली म्हणून प्रीमियम वाढला असं आपण बोलतो, पण खरं तर लोकांनी जास्त पैसे मोजले म्हणून आयव्ही जास्त निघाली. त्यात दिशा नसते. वर की खाली हे तो आकडा सांगत नाही, फक्त किती ते सांगतो.

हा आकडा वर्षाच्या हिशेबात असतो, म्हणून डोक्यात बसत नाही. वर्षात ट्रेडिंगचे साधारण २५२ दिवस, त्याचं वर्गमूळ जवळजवळ १६. म्हणून आयव्हीला १६ ने भागलं की एका दिवसाची हालचाल मिळते. २४ ची आयव्ही म्हणजे दिवसाला दीड टक्का. ३८ ची म्हणजे २.४ टक्क्यांच्या आसपास. (याचा अर्थ रोज तेवढंच हलेल असा नाही. ते प्रमाण विचलन आहे, बहुतेक दिवस त्याच्या आतच राहतात.)

इथे मी अडकले. पुढचे दहाही दिवस शेअर रोज २.४ टक्के हलेल, असं कोणाला खरंच वाटत होतं का? नाही. नऊ दिवस नेहमीसारखेच जाणार होते. एकच दिवस वेगळा होता, आणि सूत्राला तो दिवस माहीत नाही. ते सगळे दिवस सारखे धरतं. एका निकालाची खळबळ दहा दिवसांवर सारखी थापली की ३८ हा आकडा दिसतो.

मग तो एक दिवस वेगळा काढता येईल. फक्त हालचालींची बेरीज सरळ होत नाही. एक दिवस वर, दुसरा खाली, असं होऊन त्या एकमेकांना थोडंफार खोडतात. म्हणून वर्गांची बेरीज करायची. दहा दिवसांच्या एकूण वर्गातून नऊ साध्या दिवसांचे वर्ग वजा केले की उरतो तो निकालाच्या दिवसाचा. मी वहीत कितीतरी खाडाखोड केली आणि शेवटी शीटच्या एका खान्यात सगळं मावलं:

```
=SQRT(10*(38/16)^2-9*(24/16)^2)
```

उत्तर ६. म्हणजे निकालाच्या एका दिवसासाठी बाजार ६ टक्क्यांची हालचाल धरून पैसे घेत होता. तो दिवस सरला, उरले नऊ दीड-दीड टक्क्यांचे दिवस, आणि आयव्ही परत २४. लोक याला आयव्ही क्रश म्हणतात. नाव ऐकून काहीतरी कोसळल्यासारखं वाटतं, पण मोठा दिवस सरासरीतून बाहेर गेला एवढंच घडलेलं असतं.

एकदा हे कळल्यावर निकालाआधी आयव्ही चढत का जाते तेही उलगडलं. एक्स्पायरीला पंधरा दिवस बाकी असताना तोच ६ टक्क्यांचा दिवस पंधरात वाटला जातो आणि आयव्ही ३४ दिसते. दहा दिवस असताना ३८. दोनच दिवस उरले असतील तर ७०. या तिन्ही वेळी निकालाबद्दलची भीती अगदी तेवढीच आहे, फक्त वाटेकरी कमी झाले. त्यामुळे "आयव्ही ७० वर गेली, नक्की आतल्या कोणाला तरी काहीतरी माहीत आहे" असं कोणी म्हणालं की मी आधी एक्स्पायरीला किती दिवस आहेत ते बघते.

आणि प्रीमियम? त्यासाठी माझा एक कच्चा नियम आहे: शेअरच्या भावाजवळच्या स्ट्राइकचा कॉल आणि पुट मिळून, म्हणजे स्ट्रॅडल, साधारण एकूण हालचालीच्या, म्हणजे वर्गांच्या त्या बेरजेच्या वर्गमुळाच्या, ०.८ पट असतो. दहाही दिवस साधे असते तर १००० च्या शेअरचा स्ट्रॅडल ३८ च्या आसपास असता. निकाल मध्ये आला की तो ६० होतो. ही २२ ची वाढ रोज थोडी थोडी येतेच असं नाही. निकालाची तारीख सगळ्यांना आधीपासून माहीत असेल तर ती सुरुवातीपासून किमतीत असते, आणि पंधरा दिवस बाकी असल्यापासून दहा दिवस बाकी असेपर्यंत स्ट्रॅडल ६६ वरून ६० वर उलट थोडा उतरतो, आयव्ही चढत असतानाही. खरी उडी बसते ती तारीख कळते तेव्हा. निकाल या एक्स्पायरीनंतर येईल असं सगळे धरून चाललेले असतात आणि कंपनी अलीकडची तारीख जाहीर करते. शेअर जागचा हलत नाही आणि प्रीमियम मात्र एका झटक्यात वर जातो.

एवढं समजल्यावर मी पुढची चूक केली. दिशा कळत नाही तर दोन्ही बाजू घेऊ, म्हणून पुढच्या निकालाआधी अशाच एका शेअरचा स्ट्रॅडल ६० ला घेतला. हिशेब सोपा जावा म्हणून भाव पुन्हा १००० च धरते. शेअर ४ टक्के वर उघडला. कॉल ४५ झाला, पुट ५ वर आला. दोन्ही मिळून ५०. चार टक्क्यांची उडी मारूनही दहा गेले. नंतर मोजलं तर मला नुसती मुद्दल परत मिळायला साडेपाच टक्क्यांच्या आसपास हालचाल हवी होती, वर किंवा खाली.

मग वाटलं, प्रीमियम महागच असतात तर विकूया. शेअरच्या मागच्या आठ निकालांच्या दुसऱ्या दिवशीच्या हालचाली काढल्या: ३, ७, २, ५, ४, ९, १, ४ टक्के. सरासरी ४.४. बाजार ६ मागतोय आणि शेअर सरासरी ४.४ हलतो, म्हणजे फुकटचे पैसे! पण मी दोन वेगळ्या गोष्टी शेजारी ठेवल्या होत्या. ६ हे प्रमाण विचलन आहे, ४.४ ही साधी सरासरी. प्रमाण विचलन ६ असेल तर सरासरी हालचाल त्याच्या ०.८ पट, म्हणजे ४.८ येते. ४.८ विरुद्ध ४.४. फरक उरला, पण बारीक, आणि तोही आठच निकालांवर मोजलेला. खरेदी-विक्रीच्या भावातलं अंतर आणि दलाली यात तो सहज विरघळतो.

हे मला विकून झाल्यावर कळलं. पहिल्या दोन वेळा ६० ला विकलेला स्ट्रॅडल दुसऱ्या दिवशी पन्नासच्या खाली परत घेतला आणि मी स्वतःला फार हुशार समजू लागले. तिसऱ्या वेळी यादीतला तो ९ पुन्हा आला, या खेपेला खालच्या दिशेने. शेअर ९१० वर उघडला, स्ट्रॅडल ९० ला. दोन वेळचं कमावलेलं गेलं, वर पदरचेही गेले. स्टॉपलॉस लावला होता का, असं मला विचारलं गेलं. लावला होता. पण भाव १००० वरून थेट ९१० वर उघडतो तेव्हा मधल्या कोणत्याच भावाला सौदा होत नाही. स्टॉपलॉस लागतो तोही ९१० लाच.

आता विकायचंच असेल तर मी तोटा आवरायला लांबच्या स्ट्राइकचे कॉल-पुट सोबत घेते आणि त्यात कमाईचा बराच भाग गमावते. बहुतेक निकालांना मात्र काहीच करत नाही, फक्त शीटमध्ये आकडा भरते. त्यातही कटकट आहे. चेनमधली आयव्ही कधी कधी शेवटच्या सौद्यावरून काढलेली असते आणि तो सौदा सकाळचा असतो, शेअर तोवर कुठच्या कुठे गेलेला. म्हणून मी खरेदी आणि विक्रीच्या भावांचा मध्य धरून स्वतः मोजते. ते २४ सुद्धा आयतं मिळत नाही. शांत आठवड्यांतली आयव्ही बघून अंदाज करावा लागतो. तिथे २४ ऐवजी २८ धरलं तर निकालाचा दिवस ६ वरून ५.४ वर येतो.

परवा एका मित्राचा फोन आला. निकाल उद्या आहे, जोरदार येणार, १०५० चा कॉल १२ ला मिळतोय, घेऊ का? आकडे ऐकून हसूच आलं, जणू माझाच पहिला सौदा कोणी परत मांडला होता. मी विचारलं, "किती टक्के वर जाईल?"

"वर जाणार हे नक्की."

"ते नाही रे. किती?"

थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "तीन तरी."

मी शीट उघडून वाचून दाखवलं: तीन टक्क्यांना तो कॉल १० होतो. बाराचे बारा परत यायला साडेतीन लागतात.