जागा एक, मग 'दे' कुठून आले?

इंग्लंडमध्ये नोकरीसाठी अर्ज करणारे ओळखीचे लोक मला अधूनमधून जॉब डिस्क्रिप्शन पाठवतात. मी इथल्या एका कौन्सिलच्या मनुष्यबळ विभागात आहे आणि असले कागद लिहिणं, तपासणं हेच माझं काम. त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: जागा एकच आहे, वर 'द पोस्टहोल्डर' असं एकवचन आहे, मग पुढच्या वाक्यात 'दे' आणि 'देअर' कुठून आले? दोन माणसं घेणार आहेत का?

नाही, एकच घेणार आहेत. ती व्यक्ती बाई असेल की पुरुष की आणखी कोणी, हे अजून कोणालाच माहीत नाही, म्हणून 'दे'. इंग्रजीत हा वापर चौदाव्या शतकापासून आहे. तो चुकीचा ठरवून पुल्लिंगी 'ही' सर्वांसाठी चालतो, हा नियम व्याकरणकारांनी फार नंतर रुजवला. त्याला कायद्याचंही बळ मिळालं. ब्रिटिश संसदेच्या 1850 च्या एका कायद्यात म्हटलं होतं की कायद्यातल्या पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाही समावेश मानावा. आपल्याकडचा 1897 चा जनरल क्लॉजेस अॅक्ट त्याच वळणाचा आहे आणि त्याचं कलम 13 आजही तेच सांगतं.

नोकरीच्या जाहिरातीत मात्र ही समजूत पुरत नाही. समावेश मानला आहे हे वकिलाला ठाऊक असतं, अर्ज करू की नको असा विचार करणाऱ्या बाईला नसतं. ब्रिटनच्या 1975 च्या लिंगभेदविरोधी कायद्याने हे ओळखलं होतं. जाहिरातीत 'वेटर', 'सेल्सगर्ल', 'पोस्टमन', 'स्टुअर्डेस' यांसारखं लिंगवाचक पदनाम वापरलं, आणि दोघांनाही अर्ज करता येईल असं कुठे सूचित केलं नाही, तर भेदभाव करण्याचा हेतू आहे असंच धरलं जाई. आता त्या कायद्याची जागा 2010 च्या इक्वॅलिटी अॅक्टने घेतली आहे. कायद्यांच्या मसुद्यांतून सर्वसमावेशक 'ही' काढण्याचा निर्णय सरकारने 2007 साली जाहीर केला.

पण जुना कागद घेऊन प्रत्येक 'ही'च्या जागी 'दे' टाकला की काम झालं, असं होत नाही. वाहन विभागातल्या एका पर्यवेक्षकाच्या पदाचं उदाहरण घेऊ. जुन्या धाटणीचं वाक्य असं असतं: 'द सुपरवायझर विल चेक हिज व्हॅन बिफोर ही लीव्ह्ज द डेपो.' इथे 'देअर व्हॅन' आणि 'बिफोर दे लीव्ह' केलं तर वाक्य बरोबर आहे. क्रियापद मात्र अनेकवचनीच घ्यायचं, 'दे इज' कधीच नाही. तरी मी इथे सर्वनामच काढते. कामांच्या यादीत प्रत्येक ओळ क्रियापदाने सुरू करायची: 'चेक द व्हॅन बिफोर लीव्हिंग द डेपो.' व्हॅन कोणाची, हा मुद्दाच नव्हता. ती डेपोची आहे.

खरी अडचण पुढच्या वाक्यात येते. 'द सुपरवायझर विल मीट द ड्रायव्हर्स एव्हरी मंडे अँड ही विल साइन द डिफेक्ट शीट.' इथे 'ही' बदलून 'दे' केलं की सही कोणी करायची ते कळेनासं होतं, पर्यवेक्षकाने की सगळ्या चालकांनी? जवळच दुसरं अनेकवचनी नाम असलं की 'दे' त्याला जाऊन चिकटतो. मग घाईत लोक कर्मणी प्रयोगाकडे वळतात: 'द डिफेक्ट शीट विल बी साइन्ड.' लिंग गेलं, पण माणूसही गेला. एखाद्या गाडीचे ब्रेक खराब असताना ती रस्त्यावर गेली आणि चौकशी लागली, तर जबाबदारी कोणाची हे सांगणारी ओळ नेमकी हीच असते. म्हणून इथे कंटाळा न करता नाम पुन्हा लिहायचं: 'द सुपरवायझर साइन्स द डिफेक्ट शीट.' ऐकायला जड वाटलं तरी चालेल. कागद तपासताना मी एवढंच करते, प्रत्येक 'दे'वर बोट ठेवून हा कोण असं विचारते. दोन उत्तरं आली की वाक्य बदलते.

'ही ऑर शी' हा पर्याय मला अजिबात आवडत नाही. एकदा ठीक आहे, पण एका परिच्छेदात चार वेळा आला की वाचणारा दमतो, आणि स्वतःला या दोन्हींत न मोजणारे लोक बाहेरच राहतात. एका परिच्छेदात 'ही' आणि पुढच्यात 'शी' अशी वाटणी करणारेही भेटतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण वाचणाऱ्याला ती दोन वेगळी माणसं वाटतात.

कर्मचाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांत सर्वांत सोपी वाट 'यू'ची. 'कर्मचारी आजारी पडल्यास त्याने आपल्या मॅनेजरला कळवावे' या धाटणीच्या वाक्याऐवजी 'तुम्ही आजारी पडलात तर मॅनेजरला कळवा'. त्यात मॅनेजरचा उल्लेख पुन्हा आला तर तिथे 'देम' अगदी नैसर्गिक बसतो, कारण मॅनेजर कोण हे सूचना लिहिणाऱ्याला ठाऊक नसतं.

मराठी माणसाला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. एकाच व्यक्तीला आदराने अनेकवचन लावायची सवय आपल्याला आहेच. आपला 'आपला' तर इंग्रजीकडे नाही: 'उमेदवाराने आपला अर्ज पाठवावा' यात लिंग कुठेच दिसत नाही, इंग्रजीला मात्र तिथे 'हिज', 'हर' किंवा 'देअर' निवडावं लागतं. आपली गाठ पडते ती क्रियापदाशी. 'उमेदवार पदवीधर असावा' ही ओळ आपल्या जाहिरातींत इतकी रुळली आहे की तिच्यातला पुरुष कोणाला दिसत नाही. 'उमेदवाराकडे पदवी असावी' लिहिलं की क्रियापद पदवीप्रमाणे चालतं आणि अट तीच राहते. 'अनुभवी असावा'चं 'पाच वर्षांचा अनुभव आवश्यक' होतं. 'काम पाहतो'ऐवजी 'काम पाहील' लिहिलं तर तेही सुटतं, कारण तो पाहील आणि ती पाहील यांत फरक नाही. पुण्यातली माझी एक मैत्रीण शाळेच्या जाहिराती लिहिते. तिला मी हेच सांगितलं आणि तिने 'शिक्षिका पाहिजे'चं 'शिक्षक पद' केलं. क्रियापदच नको, पदाचं नाव पुरे.

काही जागी मात्र लिंग लिहावंच लागतं. हिंसाचारातून बाहेर पडलेल्या स्त्रियांच्या आश्रयगृहात समुपदेशक बाईच हवी असेल, तर इक्वॅलिटी अॅक्टच्या परिशिष्ट 9 मध्ये त्याची सोय आहे. ती अट कामाच्या स्वरूपामुळे खरोखर गरजेची आहे हे मालकाला दाखवता आलं पाहिजे. अशा जाहिरातीत 'शी' आणि 'हर' स्पष्ट लिहावं, आणि कोणत्या तरतुदीखाली ही अट घातली तेही त्याच पानावर सांगावं.

आणि माणूस एकदा नेमला गेला की अंदाजाचा प्रश्न उरत नाही. त्या व्यक्तीचं शिफारसपत्र लिहिताना ती स्वतःसाठी जे सर्वनाम वापरते तेच वापरायचं, 'ही', 'शी' किंवा 'दे'. माहीत नसेल तर विचारायचं. इथे तो प्रश्न कोणी वावगा मानत नाही.