गोटी सोड्याची बाटली: काचेवरचं दूध अखेर गेलं

मंडळी, बाटली सुटली. रिकाम्या हिरवट गोटी सोड्याच्या बाटलीचा फोटो दुसऱ्या फोटोवर असा बसवायचा होता की काच खरी वाटावी; तीच बाटली काल रात्री साडेअकराला कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या संध्याकाळच्या फोटोवर बसवली. मागचा संध्यामठ काचेतून स्वच्छ दिसतोय आणि खिडकीची चकाकी जिथल्या तिथे आहे. तीन आठवडे ज्या दुधाळ पडद्याने छळलं तो गेला. कारण सापडलं म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पेन टूलने बाटली कापायची, मास्क लावायचा आणि ओपॅसिटी 60 टक्के ठेवायची, हा मार्ग मी आधीच सोडला होता. एकसारख्या ओपॅसिटीने काच होत नाही, फिकट स्टिकर होतो. काचेच्या एकाच ठिकाणी दोन गोष्टी घडतात. मागचा प्रकाश थोडा गाळून पुढे येतो आणि समोरच्या खिडकीचं प्रतिबिंब त्यावर येऊन पडतं. या दोन गोष्टी वेगळ्या करायच्या तर एक फोटो पुरत नाही. आल्वी रे स्मिथ आणि जेम्स ब्लिन या संगणक-चित्रांच्या संशोधकांनी 1996 मध्येच दाखवून दिलंय की एकाच पार्श्वभूमीवरच्या फोटोतून याचं एकच एक उत्तर निघत नाही, पण दोन वेगळ्या पार्श्वभूमींवर निघतं. म्हणून माझा सेट: बाटली पांढऱ्या फोमबोर्डपुढे, बाटली काळ्यापुढे, आणि बाटली उचलून दोन्हींचे रिकामे फोटो. चारही फोटो मॅन्युअल मोडवर, व्हाइट बॅलन्स बांधून ठेवलेला, ट्रायपॉडला हात न लावता.

```
T = (pandhra - kala) / (rikama_pandhra - rikama_kala)
nikal = kala + T * (navi - rikama_kala)
```

T म्हणजे मागचा किती प्रकाश पार येतो ते, navi म्हणजे नवी पार्श्वभूमी. लाल, हिरवा, निळा तिन्ही चॅनेलना तो वेगळा काढायचा. काचेचा हिरवटपणा त्यातच येतो, वरून रंग चढवावा लागत नाही.

हे सगळं करूनही बाटली दुधाळ यायची. विचित्र म्हणजे सगळीकडे नाही. पोटाचा मधला भाग अगदी खरा दिसायचा. खिडकीची चकाकी होती तिथे आणि मानेच्या खोबणीत मात्र पीठ सांडल्यासारखं. मी आधी काळ्या कार्डशीटला दोष दिला. तो काही अंशी खराही होता, कारण स्टेशनरीच्या दुकानातलं ते कार्ड तिरप्या उजेडात चांगलंच चमकतं. त्याऐवजी काळी मखमल लावली. (काळ्यासाठी मखमलच घ्या, दुसरं काही नको. मीटरभर पुरते.) दूध थोडं कमी झालं, गेलं नाही.

मग एकच ठिपका धरून बसलो. चकाकीतला एक पिक्सेल, हिरवा चॅनेल. पांढऱ्यापुढे 215, काळ्यापुढे 120, रिकामा पांढरा 240, आणि मखमल शून्याच्या जवळ म्हणून सोडून दिली. T आला 0.396. नवी पार्श्वभूमी म्हणून करडा पुठ्ठा घेतला, तो रिकामा 150. गणिताने उत्तर 179. मग बाटली खरोखर त्या पुठ्ठ्यापुढे ठेवून तिचा तिसरा फोटो काढला. त्यात त्या जागी 163!

हा तिसरा फोटो मी पहिल्याच दिवशी काढायला हवा होता. डोळ्याला नुसतं ‘दुधाळ’ वाटत होतं, त्याचा आता आकडा मिळाला: सोळा पायऱ्या जास्त.

फाइलमधले आकडे म्हणजे प्रकाश नव्हे, इथे उजेड पडला. sRGB या फोटो-फाइलच्या नेहमीच्या पद्धतीत 188 हा आकडा 255 च्या निम्म्या प्रकाशाचा आहे. हे मला पाठ होतं, पण इथे लागू पडतं हे सुचलं नव्हतं. तेच चार आकडे आधी खऱ्या प्रकाशात बदलले: 215 चे 0.680, 120 चे 0.188, 240 चे 0.871, 150 चे 0.305. आता T येतो 0.564, आणि 0.188 मध्ये 0.564 गुणिले 0.305 मिळवले की 0.360. परत sRGB मध्ये नेलं तर 162. तिसऱ्या फोटोत 163. खुर्चीवरून उठलोच.

आणि पोटाचा भाग आधीपासून बरोबर का येत होता, तेही यातच कळलं. तिथे प्रतिबिंब नाही, म्हणजे काळ्यापुढचा आकडा शून्याजवळ, म्हणजे नुसता भागाकार आणि गुणाकार. प्रकाशाचा फाइलमधला आकडा करणारा गॅमा साधारण घातांकासारखा असल्यामुळे गुणाकार-भागाकार त्यातून जवळपास सहीसलामत निघतात. बेरीज-वजाबाकी निघत नाही. म्हणून जिथे चकाकी, तिथेच दूध. तुमच्या बाटलीत हेच लक्षण दिसलं तर मास्कच्या कडा घासत बसू नका, आधी फाइल खऱ्या प्रकाशाच्या आकड्यांत, म्हणजे लिनियर, आहे का ते बघा.

गिंप या फोटो एडिटरमध्ये Image > Precision मधून 32 बिट फ्लोटिंग पॉइंट आणि लिनियर लाइट निवडा. कॅमेऱ्याची जेपीईजी वापरू नका. कॅमेरा त्यावर स्वतःचा कर्व्ह चढवतो आणि तो सहज उलटा काढता येत नाही. मी रॉ फाइल `dcraw -4 -T` ने सरळ लिनियर टिफ करून घेतो.

दुसरी खोड पावसाची. आषाढातल्या दुपारी दोन फोटोंच्या मध्ये ढग येतोच. पुतण्या बोर्ड बदलत होता, तो म्हणाला, “काका, अंधारलं की हो!” मी दुर्लक्ष केलं आणि अख्खा सेट वाया गेला. आता फ्रेमच्या कोपऱ्यात, बोर्डाच्या पुढे, ग्रे कार्डाचा तुकडा कायम असतो. चारही फोटोंत त्याचा आकडा तोच आला तरच पुढे जायचं. आणखी एक तपासणी: बाटलीच्या बाहेर T बरोबर 1 यायला हवा. 1.05 दिसला तर उजेड बदललाय किंवा ट्रायपॉड हललाय.

हे सगळं रिकाम्या बाटलीचं. भरलेली अजून जमलेली नाही. भरलेली बाटली म्हणजे उभं भिंग. पाण्याच्या दंडगोलाचा नाभीबिंदू मध्यापासून साधारण एका व्यासावर येतो. सहा सेंटिमीटरच्या बाटलीत काचेमागे जेमतेम तीन सेंटिमीटर. त्यापलीकडचं सगळं डावं-उजवं उलटं दिसतं, वर-खाली मात्र सरळच. वरच्या सूत्राला हे वाकणं कळत नाही. म्हणून नव्या पार्श्वभूमीची एक प्रत आडवी उलटवून, दाबून, फक्त द्रवाच्या भागात घालून बघणार आहे. सील न फोडलेली बाटली घेणार, म्हणजे बुडबुडे हलत नाहीत आणि गोटीही वरच राहते.

यानंतरचा प्रयोग धुराचा, तोही असाच दुसऱ्या फोटोवर बसवायचा. उदबत्तीच्या धुराचे दोन फोटो निघत नाहीत, दुसऱ्या क्लिकपर्यंत तो वेगळाच झालेला असतो. मखमलीपुढे काढून नुसतं स्क्रीन ब्लेंड मोडने वर घातलं की धूर उजळतो, पण मागचं काही झाकत नाही. धूर करडा धरला तर एका रंगीत कापडापुढे एकच फोटो पुरतो, कारण करड्यात लाल आणि निळा सारखाच असतो. फोटोत त्यांच्यात जो फरक उरतो तो सगळा कापडाचा. खालचा alpha म्हणजे धूर मागचं किती झाकतो ते.

```
alpha = 1 - (nila - lal) / (kapad_nila - kapad_lal)
```

महाद्वार रोडवरून निळं कापड आणायचं ठरवलं होतं. पण हे लिहिता लिहिता समोरची उदबत्ती बघतोय: बाजूच्या उजेडात तिचा धूर करडा नाही, निळसर आहे. निळ्या कापडावर तो निळेपणा कापडाच्या खात्यात जाईल आणि धूर आहे त्यापेक्षा पातळ निघेल. मग हिरवं कापड घेऊन सूत्रात निळ्याच्या जागी हिरवा. हिरवा आणि लाल यांच्यातली चूक कमी राहायला हवी. आईच्या कपाटात ओटीत आलेले हिरवे ब्लाऊजपीस ढीगभर आहेत. त्यातला न चमकणारा, सुती, आज रात्री इस्त्री करून ताणून लावतो.