मोठा नव्हे, हळू श्वास

परीक्षा दोन दिवसांवर आलेली बावीस वर्षांची मुलगी आईबरोबर आमच्या फिजिओथेरपी विभागात आली. डॉक्टरांनी तपासून पाठवली होती. ईसीजी नॉर्मल, छाती स्वच्छ, ऑक्सिमीटरवर 99. तरीही तिला हवा पुरत नव्हती. ओठांभोवती मुंग्या, बोटं आखडलेली. मिनिटाला 28 श्वास, मध्येच मोठा उसासा. आई पाठीवरून हात फिरवत म्हणत होती, "बाळा, दीर्घ श्वास घे, अजून मोठा घे."

मायेनं दिलेला हा सल्लाच तिचा त्रास वाढवत होता. ऑक्सिजन कमी नव्हताच. भराभर श्वासामुळे कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडत होता. तो घटला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि गरगरतं. रक्तातलं मोकळं कॅल्शियमही कमी होतं, म्हणून मुंग्या येतात, बोटं वळतात. त्यानं घाबरून माणूस आणखी हवा ओढतो.

तिला उताणं झोपवून गुडघ्यांखाली उशी दिली, म्हणजे पोट सैल पडतं. एक हात छातीवर, दुसरा बरगड्यांच्या खाली पोटावर. "आधी घेऊ नकोस, सोड. ओठांचा चंबू करून, गरम चहावर फुंकर घालतेस तशी हळू." मग तोंड मिटून नाकानं, आवाज न होता, 3 आकडे होईपर्यंत श्वास आत, फुंकर 4 आकडे. पोटावरचा हात वर यावा, छातीवरचा जवळजवळ स्थिर राहावा.

पहिल्या प्रयत्नात पोट टम्म वर आलं, पण श्वास आत गेलाच नव्हता. तिनं पोटाचे स्नायू ताणून हात ढकलला होता. नवशिक्यांची ही हमखास चूक. पोट मुद्दाम फुगवायचं नसतं. छाती आणि पोटाच्या मधला श्वासाचा स्नायू, म्हणजे श्वासपटल, खाली सरकलं की पोट आपोआप वर येतं. दुसऱ्यांदा खांदे कानांकडे गेले आणि तिला गरगरलं. श्वास हळू झाला होता, पण मोठाही झाला होता. निम्माच घ्यायला सांगितला. थोडी हवेची भूक जाणवली, पण ती सोसवण्याइतकी होती आणि मिनिटभरात ओसरली. दहा मिनिटांनी बोटं सुटली, श्वास 14 वर आले.

घरी मन शांत असताना रोज दोनदा 5 मिनिटं करायचं, आधी झोपून, मग खुर्चीत. सहज जमलं की 4 आत, 6 बाहेर. ऐन घाबरल्यावर पहिल्यांदा करू पाहिलं तर जमत नाही. कागदी पिशवीत श्वास घेऊ नका, हे आईला मुद्दाम सांगितलं. कारण दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर त्यानं ऑक्सिजन घटतो. छातीत दुखलं, घरघर ऐकू आली, ओठ निळे पडले किंवा चक्कर येऊन पडली, तर हा सराव करत बसायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा.

जाण्याआधी तिला खुर्चीत बसवून, एक हात पोटावर आणि दुसऱ्यात पेन धरून, पाच श्वास करून घेतले.