"चालेल" एवढंच उत्तर पुरेल असं पत्र

१६ ऑक्टोबर २०२५, गुरुवार

उद्या वसुबारस. म्हणजे उद्यापासून कुणी मेल उघडणार नाही. कर्वेनगरच्या ज्या सोसायटीच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग आम्ही केलं, तिच्याकडे कोटेशनवर छापायला अभिप्रायाचा मजकूर मागायचा तो आजच, नाहीतर दिवाळीनंतर. दिवाळीनंतर लोक पाऊस विसरलेले असतात आणि आमच्या धंद्यात पाऊस विसरला की आमचं काम चांगलं झालं होतं हेही विसरतात.

धाकट्या भावाने मसुदा करून ठेवला होता. तो साइट बघतो, मी कागद बघतो, पण अधूनमधून त्याला कागदाची हौस येते. "आपल्या सोसायटीचे वॉटरप्रूफिंगचे काम करण्याची संधी दिल्याबद्दल आभारी आहोत. आपला बहुमूल्य अभिप्राय खालील फॉर्ममध्ये नोंदवावा ही नम्र विनंती." फॉर्म उघडला तर नऊ प्रश्न. कामाचा दर्जा एक ते पाच, कामगारांची वागणूक एक ते पाच, आणि शेवटी एक मोठा रिकामा चौकोन, "आपला अनुभव आपल्या शब्दांत लिहा." बाकी आठ प्रश्न मी सोडून देईन, पण सगळं अडतं ते या चौकोनापाशी. माणूस खूश असतो, लिहायचंही मनात असतं, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. मग तो "रविवारी निवांत लिहितो" म्हणतो आणि तो रविवार येत नाही. अगदीच भिडेखातर लिहिलं, तर "उत्कृष्ट सेवा, मनापासून शुभेच्छा" एवढं लिहून मोकळा होतो. ते वाचून कुठली सोसायटी आम्हाला गच्ची देणार आहे?

भावाचं दुसरं म्हणणं, हे सगळं मे महिन्यात काम सोपवतानाच का घेतलं नाही. तेव्हा सेक्रेटरी मॅडम खूश होत्याच. होत्या, पण कशावर? कामावरची मुलं वेळेवर येत होती, जिना रोज झाडून घेत होती यावर. गच्चीत पाणी अडवून आम्ही जी चाचणी घेतो ती आमच्या समाधानासाठी. गिऱ्हाइकाची चाचणी म्हणजे जून ते सप्टेंबर. मे महिन्यातला अभिप्राय आमच्या स्वभावाविषयीचा असतो, गच्चीविषयीचा नाही.

तर मजकूर तिने लिहायचा नाही, आपण जुळवायचा. मात्र शब्द तिचेच हवेत. मी तिच्याशी झालेला सगळा व्यवहार उघडून बसलो. मार्चच्या मेलमध्ये तिने विचारलं होतं, "जुना कोबा न फोडता वरून कोटिंग केलेलं टिकेल का? मला शंका आहे." ऑगस्टमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर: "आधीचे दोन पावसाळे पाचव्या मजल्यावर बादल्या होत्या. यंदा एकही नाही." आणि खाली, हसऱ्या चेहऱ्यासह, "पाचव्या मजल्यावरचे पहिल्यांदाच कमिटीशी भांडले नाहीत."

एवढं पुरे आहे. आधी काय हाल होते, शंका काय होती, नंतर काय झालं, तिन्ही गोष्टी आल्या. शंकेचं वाक्य मी मुद्दाम ठेवलं. पुढच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणीतरी हाच प्रश्न विचारणार आहे आणि त्याला तो दुसऱ्या एका सेक्रेटरीच्या तोंडून आलेला दिसला पाहिजे. माझी कसोटी साधी: जुळवलेल्या मजकुरात तिने कधी वापरला नसता असा एक जरी शब्द आला, तर तो माझा आहे, काढायचा. "गुणवत्तापूर्ण" आला की समजावं आपण बोलायला लागलो. जास्त धोका असतो तो गोड माणसांचा. तुम्ही काहीही लिहून पाठवा, ती "हो हो, छापा" म्हणतात. अशी माणसं आपल्याला अडवत नाहीत, म्हणून आपणच अडायला हवं.

तिने व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलेलं होतंच, मग थेट का छापलं नाही, हेही भावाने विचारून घेतलं. तो मेसेज तिने मला पाठवला होता, जगाला नाही. शिवाय ती एकटी सोसायटी नव्हे. सोसायटीचं नाव द्यायचं तर कमिटीला विचारावं लागणार, आणि इथेच बहुतेक होकार अडकतात. माणूस तयार असतो, पण नावाचा प्रश्न आला की "मीटिंगमध्ये विषय घेते" होतं. म्हणून नाव मुळातच गाळून विचारायचं. आणि मेलवर विचारायचं, कारण मेल जशीच्या तशी अध्यक्षांना पुढे पाठवता येते आणि परवानगीही फायलीत राहते.

शेवटी हे पाठवलं:

विषय: तुमची तीन-चार वाक्यं आमच्या कोटेशनवर छापू का?

नमस्कार मॅडम,

ऑगस्टमधल्या पावसात तुम्ही कळवलं होतं, की पाचव्या मजल्यावर यंदा एकही बादली लागली नाही. ते आमच्या मुलांनाही वाचून दाखवलं होतं.

गच्चीचं कोटेशन मागणाऱ्या सोसायट्या विचारतात, की एक पावसाळा काढलेलं काम सांगा. त्यांच्यासाठी खालचा मजकूर कोटेशनच्या शेवटच्या पानावर आणि आमच्या वेबसाइटवर द्यावा असं मनात आहे. तुमच्या मार्चच्या मेलमधून आणि ऑगस्टच्या मेसेजमधून तो जुळवला आहे.

"जुना कोबा न फोडता वरून केलेलं कोटिंग टिकेल का, याची मला शंका होती. आधीचे दोन पावसाळे पाचव्या मजल्यावर बादल्या होत्या. यंदा एकही नाही. पाचव्या मजल्यावरचे पहिल्यांदाच कमिटीशी भांडले नाहीत."
सेक्रेटरी, कर्वेनगरमधील एक सोसायटी, पावसाळा २०२५

असंच चालणार असेल तर "चालेल" एवढंच उत्तर पाठवा. काही बदलायचं असेल तर सांगा, तसं करतो. तुमचं आणि सोसायटीचं नाव घातलेलं नाही.

नको असेल तर तेही मोकळेपणाने सांगा. गॅरंटीचा आणि दर वर्षीच्या तपासणीचा याच्याशी संबंध नाही. पुढे कधी काढावंसं वाटलं तर एक मेसेज करा, काढून टाकतो.

विषयाच्या ओळीत प्रश्नच घातला. फोनवर तेवढीच ओळ दिसते, आणि "अभिप्रायाबाबत" असं लिहिलं की जाहिरातीच्या ढिगात जातं. लिंक नाही, फाइल जोडलेली नाही. मजकूर मेलच्या आत आहे, म्हणजे बसमध्ये उभ्या-उभ्याही वाचून उत्तर देता येईल.

गॅरंटीचं वाक्य भावाला खटकलं. "आपणच नकाराची वाट दाखवतोय." पण तिच्या जागी बसून बघितलं तर? पाच वर्षांची गॅरंटी आमच्या हातात आहे. नाही म्हटलं तर पुढच्या वर्षी माणूस पाठवायला हे टाळाटाळ करतील, ही धास्ती मनात असलेल्या माणसाकडून होकार घेतला तर तो होकार कसला. बरं, त्या धास्तीत माणूस नाहीही म्हणत नाही, गप्प बसतो. आणि गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे. उत्तर नाही आलं तर दिवाळीनंतर याच मेलखाली एकदा आठवण करायची, मग विषय सोडायचा आणि मजकूर वापरायचा नाही.

"पावसाळा २०२५" हे शब्दही तसेच राहतील. कोटिंगने काढला आहे एकच पावसाळा. "गळती कायमची बंद" असं तिने म्हटलं असतं तरी मी छापलं नसतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ च्या जूनमध्ये जाहिरातींविषयी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात असल्या शिफारशींबद्दल स्पष्ट आहे: ते त्या माणसाचं खरं आणि सध्याचं मत हवं, आणि वस्तूच्या किंवा सेवेच्या पुरेशा माहितीवर किंवा अनुभवावर आधारलेलं हवं. पुढच्या जुलैत पाचव्या मजल्यावर पुन्हा बादली आली, तर आधी बादली काढायची आणि त्याच दिवशी हा मजकूरही.

भावाला बदल्यात एक वर्ष गच्ची फुकट साफ करून देऊ असं लिहायचं होतं. देऊ शकतो, पण मग तसं दिलं हे मजकुराजवळ सांगावं लागेल, आणि ते सांगितलं की वाचणारा बाकीची वाक्यं सोडून तेवढंच लक्षात ठेवेल. गुगलवरच्या रिव्ह्यूची लिंकही त्याला याच मेलमध्ये हवी होती. तिथे खातं लागतं, तारे द्यावे लागतात, स्वतःचं नाव झळकतं. काही देऊ करून तिथे लिहून घेणं गुगलच्या नियमात बसत नाही, आणि आपण जुळवलेला मजकूर तिथे चिकटवायला सांगणं मला पटत नाही. तो वेगळा विषय, वेगळ्या दिवशी. एका मेलमध्ये दोन गोष्टी मागितल्या की माणूस दोन्ही नंतरवर टाकतो.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

उत्तर आलं, सकाळी, बहुतेक चहाबरोबर.

"चालेल. भांडणाचं वाक्य काढा, त्यांच्याकडे मी फराळाला जाणार आहे. आणि काम ठरल्यापेक्षा आठवडाभर लांबलं हेही लिहा, खरं ते खरं. सोसायटीचं नाव सध्या नको, कमिटीची मीटिंग नोव्हेंबरात आहे."

भांडणाचं वाक्य गेल्याचं मला वाईट वाटलं. त्या मजकुरातलं तेच एक वाक्य होतं जे वाचून कुठलाही सेक्रेटरी गालात हसला असता. पण ते तिच्या शेजाऱ्यांविषयी होतं आणि पेच तिचा होता.

आठवडा लांबल्याचं वाक्य बघून भाऊ चिडला. एप्रिलच्या शेवटी अवकाळी पाऊस आला, पृष्ठभाग वाळू दिल्याशिवाय दुसरा हात मारता येत नव्हता, हे तिलाही माहीत आहे. "मग आपण ते वाक्य गाळू, बाकीचं तिने मान्य केलंच आहे." नाही. तिने मान्य केलं ते या वाक्यासकट. गाळायचं तर पुन्हा विचारावं लागेल, आणि विचारायला माझं मन नाही, कारण हे वाक्य आम्हाला उपयोगी आहे. ज्याच्या गच्चीत एप्रिलमध्ये काम काढायचं आहे तो आठवडा लांबू शकतं हे आधीच वाचून घेईल. आणि एवढं खरं बोलणारी बाई बादल्यांबद्दलही खरंच बोलत असणार, असं त्याला वाटेल. भावाने एक तोडगा काढला तो मात्र मला मान्य: वाक्यात तिची हरकत नसेल तर कारणही घालावं. एका ओळीत विचारलं. दुपारी उत्तर आलं, "घाला."

आता मजकूर असा:

"जुना कोबा न फोडता वरून केलेलं कोटिंग टिकेल का, याची मला शंका होती. मध्ये अवकाळी पाऊस आल्यामुळे काम ठरल्यापेक्षा आठवडाभर लांबलं. आधीचे दोन पावसाळे पाचव्या मजल्यावर बादल्या होत्या. यंदा एकही नाही."
सेक्रेटरी, कर्वेनगरमधील एक सोसायटी, पावसाळा २०२५

पक्का झालेला मजकूर तिला पुन्हा एकदा पाठवून दिला, उत्तराची अपेक्षा नाही असं लिहून. नोव्हेंबरात मीटिंगमध्ये विषय निघालाच, तर तिला हीच मेल दाखवता येईल. वारज्याच्या एका सोसायटीला द्यायच्या कोटेशनवर हा मजकूर आज संध्याकाळीच लावला.